फरदड ठेवा, असं नॅशनं कुठंही सांगितलेलं नाही

"नोबेल विजेता जॉन नॅशनं गणितानं सिद्ध केलं आहे, नक्की वाचा. १) प्रत्येकानं फक्त स्वतःचा फायदा पाहिला की समतोल येतो, आणि समतोल म्हणजेच सगळ्यांचा जास्तीत जास्त फायदा. २) समोरचा काय करणार हे आधी ओळखतो तोच जिंकतो. ३) कैद्यांच्या खेळात शहाणा माणूस नेहमी दगाच देतो, म्हणून शेतकऱ्यांची एकी कधीच होणार नाही. ४) फरदड बंदीच्या बैठकांनी काही होत नाही. सगळे ठेवतात, तुम्हीही ठेवा. पुढे पाठवा."

हा मेसेज गावच्या ग्रुपवर आला, तिथून माझ्या धाकट्या भावाच्या फोनवर गेला, आणि त्यानं शेवटच्या वेचणीनंतर कपाशी उपटून रान मोकळं करायचा बेत सोडून दिला, आणि तीच झाडं उभी ठेवून पुन्हा कापूस काढायचा, म्हणजे फरदड घ्यायचा, बेत केला. मला म्हणाला, "दादा, नोबेलवाल्यानंच सांगतलं, मंग आपणच काऊन पऱ्हाटी उपटाची?" मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. ज्या धड्यातून हे उचललं आहे तो धडा दरवर्षी फळ्यावर मांडतो, आणि त्या धड्याचा निष्कर्ष या मेसेजच्या बरोबर उलट आहे. गावात आणखी चार जणांनी यावर विश्वास ठेवला तर पुढच्या हंगामात बोंडअळीच्या रूपानं त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागेल. म्हणून हे लिहितो आहे.

नॅशच्या नावाचं आधी उरकतो. नॅशनं १९५० मध्ये दाखवलं ते एवढंच: खेळाडू मोजके असतील आणि प्रत्येकापुढचे पर्याय मोजके असतील, तर अशा कोणत्याही खेळात निदान एक तरी समतोल, म्हणजे जिथून एकट्यानं हलून कोणाचाच फायदा होत नाही अशी जागा, सापडतोच, फक्त काही वेळा पर्याय चिठ्ठी टाकून निवडायची मुभा धरावी लागते. या कामाबद्दल १९९४ मध्ये त्याला जॉन हारसानी आणि राइनहार्ट सेल्टन यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कैद्यांची गोष्ट मुळात त्याची नाहीच. तो आकड्यांचा खेळ मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या दोघांनी अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत तयार केला. त्यावर कैद्यांची गोष्ट रचली ती नॅशच्या प्रबंधाचे मार्गदर्शक अल्बर्ट टकर यांनी, १९५० मध्येच, स्टॅनफर्डला मानसशास्त्राच्या मंडळींपुढे बोलताना. दोन साथीदार वेगवेगळ्या कोठडीत आहेत. दोघं गप्प राहिले तर दोघांनाही थोडक्यात सुटका. एकानं कबुली दिली तर तो सुटतो आणि दुसरा पुरता अडकतो. दोघांनी कबुली दिली तर दोघांनाही बऱ्यापैकी शिक्षा. गोष्ट एवढीच आहे. तिच्यात शेतकरीही नाही आणि कसला उपदेशही नाही.

आता पहिला मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान करणारा तोच आहे, म्हणून त्यावरच जास्त वेळ घालवतो, आणि उदाहरण फरदडीचंच घेतो.

डिसेंबरात शेवटची मोठी वेचणी झाली की खरं तर पऱ्हाटी काढायची असते. पण ओलिताची सोय असली तर एक-दोन पाणी आणि थोडा युरिया देऊन तीच झाडं पुन्हा फुलवता येतात, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत थोडा कापूस निघतो. ती फरदड. गुलाबी बोंडअळीचं पोट जवळपास सगळं कपाशीवरच चालतं. हंगाम वेळेवर संपला की तिचं खाणं संपतं. फरदड उभी राहिली की तिला आणखी पिढ्या काढायला वाव मिळतो, आणि शेवटच्या पिढीच्या अळ्या सुप्तावस्थेत जातात. पिचलेलं बोंड फोडून पाहा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतील. ती जोड सरकी नखानं उकलली की आत गुलाबी अळी मुटकुळं करून पडलेली सापडते. पुढच्या हंगामात तिचा पतंग होतो, आणि फुलं लागताच रानात डोमकळ्या दिसू लागतात: पाकळ्या उमलतच नाहीत, आतून जाळ्यानं बांधल्यासारख्या मिटलेल्या राहतात. २०१७ मध्ये विदर्भानं हे सगळं भोगलं आहे. दोन जनुकांच्या बीटी वाणालाही ही अळी जुमानेनाशी झाली होती. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विभाग वेळेवर पीक संपवा, फरदड घेऊ नका, असं दरवर्षी कानीकपाळी ओरडतात ते यासाठी.

पतंगाला बांध कळत नाही, आणि सगळा पेच तिथूनच सुरू होतो. समजा, तुम्ही आणि बांधाला बांध लागलेला शेजारी, दोघंच आहात. फरदड नसेल तर पुढच्या हंगामाचा धरून एकरी वीस हजार सुटतात असं माना. फरदड ठेवली तर ठेवणाऱ्याला सहा हजार जास्तीचे मिळतात. पण त्या एका फरदडीतून निघालेली अळी पुढच्या हंगामात दोन्ही रानांचं प्रत्येकी चार हजारांचं नुकसान करते. हे आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून धरले आहेत, कोणाच्या वहीतले नाहीत. यातून चार घरांचं कोष्टक तयार होतं. त्यालाच पेऑफ मॅट्रिक्स म्हणतात. रक्कम हजारांत आहे.

| | शेजारी रान मोकळं करतो | शेजारी फरदड ठेवतो |
|---|---|---|
| तुम्ही रान मोकळं करता | तुम्ही २०, शेजारी २० | तुम्ही १६, शेजारी २२ |
| तुम्ही फरदड ठेवता | तुम्ही २२, शेजारी १६ | तुम्ही १८, शेजारी १८ |

घरं कशी भरली ते एकदा पडताळून घ्या. एकट्या तुम्ही फरदड ठेवली तर वीस अधिक सहा, वजा तुमच्याच फरदडीनं तुमचं केलेलं चारचं नुकसान, म्हणजे बावीस. शेजाऱ्याला मिळालं काहीच नाही, नुकसान मात्र चारचं, म्हणून तो सोळावर. दोघांनी ठेवली तर वीस अधिक सहा, वजा दोन फरदडींचे आठ, म्हणजे अठरा.

आता समतोल शोधू. नॅश समतोलाची कसोटी एकच असते. एका घरावर बोट ठेवायचं आणि दोघांनाही वेगवेगळं विचारायचं: समोरचा आहे तिथंच राहिला आणि तुम्ही एकट्यानं बेत बदलला, तर तुमचं भलं होईल का? दोघांचंही उत्तर "नाही" आलं तर ते घर समतोलाचं. वीस-वीसच्या घरावर बोट ठेवा. तुम्ही एकट्यानं फरदड ठेवली तर वीसचे बावीस होतात. म्हणजे उत्तर "होय" आलं आणि हे घर समतोलाचं नाही. अठरा-अठराच्या घरावर बोट ठेवा. तुम्ही एकट्यानं रान मोकळं केलं तर अठराचे सोळा होतात. शेजाऱ्याचंही तसंच. दोघंही "नाही" म्हणतात. समतोल तो, आणि तेवढाच एक.

आता चारही घरांच्या बेरजा करा. वीस-वीसची बेरीज चाळीस. बाकीच्या दोन कोपऱ्यांची अडतीस-अडतीस. समतोलाच्या घराची छत्तीस. म्हणजे सगळ्यांचा जास्तीत जास्त फायदा तर दूरच, या कोष्टकात समतोल बसला आहे तो सगळ्यात कमी बेरजेच्या घरात. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तरी तेच. अठरा-अठरावरून वीस-वीसवर गेलं तर दोघांचंही भलं होतं, कोणाचंही वाईट होत नाही. उरलेल्या तीन घरांपैकी कुठूनही हललं तर कोणा ना कोणाला तोटा होतोच. दोघांनाही सुधारायला जागा शिल्लक आहे असं चारांत एकच घर, आणि शहाणपणानं वागणारी दोन माणसं नेमकी त्याच घरात जाऊन अडकतात. कैद्यांचा पेच पंच्याहत्तर वर्षं शिकवला जातो तो यासाठी. मेसेज लिहिणाऱ्यानं समतोल हा शब्द ऐकला आणि त्याचा अर्थ "सगळं छान" असा लावून टाकला. समतोल म्हणजे जिथून कोणी एकट्यानं हलत नाही अशी जागा, यापलीकडे त्यात काही नाही. ती जागा चांगली आहे की वाईट हे समतोल सांगत नाही, ते कोष्टकातले आकडे सांगतात.

यात अर्धं सत्य कुठं आहे तेही सांगून टाकतो, नाहीतर कोणी तरी पुस्तक दाखवेलच. प्रत्येकानं आपापला फायदा पाहिला तरी बाजारात एकंदर निकाल चांगला लागू शकतो, हे सूक्ष्म अर्थशास्त्रात शिकवतात आणि ते खरं आहे. पण त्याला अट आहे. माझ्या कृतीचा जो खर्च दुसऱ्यावर पडतो तो मला किमतीत मोजावा लागला पाहिजे. तुमच्या फरदडीतला पतंग बांध ओलांडून गेला तर शेजारी तुमच्याकडे चार हजारांचं बिल पाठवू शकत नाही. ते बिल नाही म्हणूनच बाजाराचा तो नियम इथं लागू पडत नाही.

दुसरा मुद्दा दोन ओळींत संपतो. वरचं कोष्टक पुन्हा पाहा. शेजारी रान मोकळं करणार असेल तर तुम्हाला फरदडीनं बावीस, नाहीतर वीस. शेजारी फरदड ठेवणार असेल तर तुम्हाला फरदडीनं अठरा, नाहीतर सोळा. दोन्ही वेळा फरदड दोन हजारांनी पुढेच. समोरच्यानं काहीही केलं तरी जो पर्याय जास्तच देतो त्याला डॉमिनंट स्ट्रॅटेजी, वरचढ डाव, म्हणतात, आणि असा डाव हाती असला की समोरच्याचं मन ओळखायची गरजच उरत नाही. कैद्यांच्या पेचाचं वैशिष्ट्यच हे आहे की त्यात अंदाज बांधून काहीच बदलत नाही. मात्र कोष्टकातली दुसरी एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. तुमच्या स्वतःच्या निर्णयानं तुमचं उत्पन्न दोन हजारांनी बदलतं, शेजाऱ्याच्या निर्णयानं चार हजारांनी. तुमच्या खिशावर तुमच्यापेक्षा शेजाऱ्याचा हात जास्त चालतो आहे.

इथं आमच्या भावासारख्या लोकांनी थांबून स्वतःचे आकडे घालून पाहावेत. पेच तयार होण्यासाठी फरदडीचा निव्वळ फायदा स्वतःच्याच नुकसानीपेक्षा जास्त असावा लागतो. मी सहा हजार धरले. पण त्यात पाण्याचा, फवारणीचा आणि वेचणीच्या मजुरीचा खर्च वजा केला का? फरदडीचा कापूस बहुतेक कवडी, म्हणजे किडका आणि डागाळलेला, निघतो, त्याला चांगल्या कापसाचा भाव कोण देणार? समजा हे सगळं धरून सहाऐवजी तीनच हजार उरले. मग शेजारी मोकळं करत असताना तुम्ही एकट्यानं फरदड ठेवली तर वीस अधिक तीन वजा चार, म्हणजे एकोणीस. मोकळं ठेवलं असतं तर वीस मिळाले असते. शेजाऱ्यानं ठेवली असताना तुम्हीही ठेवली तर पंधरा, नाही ठेवली तर सोळा. आता रान मोकळं करणं हाच वरचढ डाव झाला. पेच संपला, एकीचा प्रश्नही उरला नाही, कारण एकट्याच्या स्वार्थातही फरदड बसत नाही. ज्याच्या विहिरीला जानेवारीनंतर पाणी टिकत नाही त्याचं कोष्टक बहुधा असंच निघेल. त्यानं हा मेसेज वाचून फरदड ठेवणं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःचे हजार रुपये घालवणं आहे.

तिसऱ्या मुद्द्याला उत्तर म्हणून खुद्द या खेळाचा पहिला प्रयोगच पुरेसा आहे. जानेवारी १९५० मध्ये फ्लड आणि ड्रेशर यांनी हा खेळ प्रत्यक्ष खेळवून पाहिला. खेळणारे दोघंही साधे नव्हते. एक आर्मेन अल्चियन, अर्थतज्ज्ञ, आणि दुसरे रँडमधलेच गणितज्ञ जॉन विल्यम्स. पैसे सेंटांत होते, आणि तोच खेळ लागोपाठ १०० वेळा खेळायचा होता. "शहाणा नेहमी दगाच देतो" हे खरं असतं तर शंभरही डाव दग्याचे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ६० डावांत दोघांनी एकमेकांना साथ दिली, आणि दोघांनीही दगा दिला असे डाव निघाले १४. अल्चियननं ६८ वेळा साथ दिली, विल्यम्सनं ७८ वेळा. हा खेळ शोधणाऱ्यांच्या घरातच पहिल्या दिवशी निकाल असा लागला होता.

यावर नॅशनं आक्षेप घेतला होता, आणि तो आक्षेपच मेसेजवाल्याचं म्हणणं मोडीत काढतो. नॅशचं म्हणणं असं की हे शंभर सुटे खेळ नाहीतच. खेळाडू मागचं लक्षात ठेवतात, पुढचं पाहतात, म्हणून हा शंभर चालींचा एक मोठा खेळ आहे, आणि एका डावाचा समतोल त्याला लावून तपासणं बरोबर नाही. म्हणजे ज्याच्या नावावर हा मेसेज फिरतो आहे तोच माणूस सांगत होता की एका डावाचं उत्तर वारंवारच्या खेळाला चिकटवू नका. काटेकोर गणित केलं तर शेवटचा डाव कोणता हे दोघांनाही माहीत असताना तिथं दगा, म्हणून नव्याण्णवाव्यातही दगा, असं मागं मागं जात पहिल्या डावापर्यंत दगाच निघतो, हे मला मान्य आहे. सेंटांसाठी खेळलेल्या दोन विद्वानांवरून आमच्या गावाचं भाकीत करता येत नाही, हेही मान्य. पण बांधाच्या शेजाराला शेवटचा डाव कुठं ठरलेला असतो? तो बाप गेल्यावर मुलाच्या हातात जातो.

आणि शेवट ठरलेला नसेल तर हिशेब असा बदलतो. समजा दोघांनी रान मोकळं ठेवायचं ठरवलं आहे, आणि एकानं शब्द मोडला तर दुसराही पुढच्या वर्षापासून फरदड ठेवणार हे दोघांनाही ठाऊक आहे. शब्द मोडणाऱ्याला यंदा वीसऐवजी बावीस मिळतात, म्हणजे दोन हजार जास्त. पण पुढच्या वर्षीपासून दरवर्षी वीसऐवजी अठरा, म्हणजे दोन हजार कमी, आणि ते कायमचं. पुढच्या वर्षीच्या रुपयाला आज तुम्ही निदान आठ आण्यांची किंमत देत असाल, तर शब्द पाळणंच फायद्याचं ठरतं. सूत्रात मांडायचं तर (२२ − २०) ÷ (२२ − १८), म्हणजे अर्धा. इथं कोणाच्या चांगुलपणावर काहीच सोडलेलं नाही. माणूस पूर्ण स्वार्थी धरला तरी एकी टिकते, फक्त त्याला पुढच्या वर्षीही इथंच राहायचं असावं लागतं.

हे गणित चालायला आणखी एक गोष्ट लागते: दगा दिसला पाहिजे. गुपचूप कमी भावानं माल विकणारा व्यापारी पकडायला अवघड. फरदड मात्र लपवता येत नाही. फेब्रुवारीत अख्ख्या शिवारात हिरवी उभी पऱ्हाटी एकाचीच असली तर ती रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. या बाबतीत आमचा पेच सोपा आहे. अवघड आहे ते शिक्षेचं. दोघंच असतील तर "तू ठेवलीस तर मीही ठेवीन" ही धमकी त्याच्यापुरती राहते. गावात दोनशे खातेदार असतील तर एकानं शब्द मोडला म्हणून बाकीच्यांनी फरदड ठेवणं म्हणजे त्या एकापेक्षा एकमेकांनाच जास्त मारणं. म्हणून मोठ्या गावात बदल्याच्या धमकीवर एकी उभी राहत नाही. तिला दुसरा आधार लागतो, आणि तो चौथ्या मुद्द्यात येतो.

त्याआधी "कधीच होणार नाही" याला विदर्भातूनच एक उत्तर. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथंही प्रत्येकाला स्वतःपुरता जास्त बांबू तोडायचा मोह आहेच. कोष्टक आपल्यासारखंच पडतं. पण तोडणी किती, कधी आणि कोणी करायची हे ग्रामसभा ठरवते आणि बांबूचा व्यवहारही ग्रामसभाच करते. त्याच २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं सगळं काम अशाच गावांवर आहे: कुठली पाटाच्या पाण्याची, कुठली मासेमारीची, कुठली कुरणाची. नोबेलचाच दाखला हवा असेल तर तोही वाचावा.

आता बैठका. मेसेजमधलं इथलं एक वाक्य मी नाइलाजानं मान्य करतो. नुसत्या बैठकीनं कोष्टक बदलत नाही. हॉलमध्ये हात वर केले, चहा झाला, सगळे घरी गेले, तर फरदड अजूनही प्रत्येकाला दोन हजार जास्तच देते. कोष्टकातला एकही आकडा न हलवणारा शब्द एका डावात टिकत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच बैठका अशाच झाल्या, म्हणून लोकांचा विश्वास उडाला आहे, आणि त्यात लोकांची चूक नाही.

पण त्यावरून "तुम्हीही ठेवा" कसं निघतं? मोह फक्त दोन हजारांचा आहे. तेवढाच आकडा हलवायचा आहे. समजा, बैठकीत ठरलं की प्रत्येकानं एकरी तीन हजार रुपये बचत गटाकडे ठेव म्हणून जमा करायचे, आणि जानेवारी संपता संपता ज्याचं रान मोकळं दिसेल त्याला ते पूर्ण परत. ज्याची पऱ्हाटी उभी असेल त्याचे जप्त. आता एकट्यानं फरदड ठेवली तर बावीस वजा तीन, एकोणीस. मोकळं केलं तर वीस. शेजाऱ्यानं ठेवली असताना तुम्हीही ठेवली तर अठरा वजा तीन, पंधरा. मोकळं केलं तर सोळा. दोन्ही वेळा मोकळं करणं पुढे. वरचढ डाव बदलला, समतोल वीस-वीसच्या घरात आला, आणि सगळ्यांनी रान मोकळं केल्यावर जप्त करायला काही उरलंच नाही. सगळ्यांचे पैसे परत गेले. ठेवीनं कोणाचा रुपया घेतला नाही, फक्त मोहाची किंमत वाढवली.

दुसऱ्या बाजूनंही आकडा हलवता येतो. पऱ्हाटी काढायचा खर्च आणि कटकट हेच कित्येकांचं फरदड ठेवण्याचं खरं कारण असतं. झाडं उभीच आहेत तर निघेल तेवढा कापूस निघू दे, असं म्हणून ती राहतात. पऱ्हाटीचा भुगा करणारा ट्रॅक्टरवरचा श्रेडर गावानं मिळून भाड्यानं आणला, किंवा शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या रानात सोडायचं ठरवलं, तर मोकळं करणाऱ्याच्या घरातला आकडा वाढतो. शेळ्या हिरवी, कीड लागलेली बोंडंही खाऊन टाकतात, तो फायदा वेगळाच. अशी चर्चा झाली तर त्या बैठकीला अर्थ आहे.

फक्त ठेव किती ठेवायची हे डोळे मिटून ठरवू नका, कारण सगळ्यांचं कोष्टक सारखं नसतं. ज्यानं जमीन एका वर्षाच्या मक्त्यानं केली आहे, त्याला पुढच्या हंगामातल्या अळीशी देणंघेणं नाही. त्याचं स्वतःचं चार हजारांचं नुकसान त्याच्या हिशेबात येतच नाही. त्याचा मोह दोनचा नाही, पुऱ्या सहाचा आहे, आणि तीन हजारांची ठेव जप्त झाली तरी तो तीन हजारांनी फायद्यातच राहतो. त्याचा हा शेवटचा डाव आहे, म्हणून पुढच्या वर्षीच्या बदल्याची धमकीही त्याला लागू पडत नाही. पुढच्या वर्षी त्याच रानात कपाशी सोडून सोयाबीन पेरणाऱ्याचंही बरंचसं असंच. त्यांच्यासाठी एक तर ठेव सहाच्या वर न्यावी लागेल, किंवा जमीनमालकाला मध्ये घ्यावं लागेल. नुकसान मालकाच्याच रानात राहणार आहे, म्हणून मक्त्याच्या कागदावर "डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढून रान मोकळं करून देणे" ही एक ओळ घालून घेण्यात त्याचाही स्वार्थ आहे. आमच्या गावात मक्त्याचे व्यवहार तोंडीच होतात. हा कागद आधी करावा लागेल, आणि तो पाडव्याला जमीन देतानाच करावा लागेल, डिसेंबरात नाही.